भट्टीवरचं सेशन

आमच्या पीएचसीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला: "पुढच्या महिन्यापासून वीटभट्ट्यांवरचं लसीकरण सेशन बंद. तिथली बाळं सबसेंटरच्या बुधवारच्या सेशनला बोलवावीत. आशांनी ड्यू लिस्टप्रमाणे निरोप द्यावेत." मॅडम म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकारी, मी सिस्टर, आणि ड्यू लिस्ट म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी. त्याआधी दोन दिवस ग्रुपवर याच विषयावर भरपूर बोलणं झालं होतं, आणि त्यात माझंही मत मांडून झालं होतं.

मॅडमचं कारण खोटं नव्हतं. आमच्याकडे येणारी एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची व्हायल पाच डोसांची असते. एकदा द्रावण मिसळून ती तयार केली की चार तासांत किंवा सेशन संपेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवरच वापरायची, उरलेली टाकून द्यायची. पेंटा किंवा पोलिओची उघडलेली व्हायल नियमांत बसत असेल तर चार आठवडे चालते, एमआरचं तसं नाही. भट्टीवर एमआरचं एखादंच बाळ मिळालं की चार डोस वाया. शिवाय व्हॅक्सिन कॅरिअर तिथवर पोचवायला वेगळा माणूस लागतो. हे सगळं बघून मॅडमनी दोन सेशन एकत्र केली.

मला तो निर्णय पटला नव्हता. भट्टीवरच्या बायांना हजार विटांमागे मजुरी मिळते. बाळाला घेऊन सबसेंटरला यायचं म्हणजे अर्धा दिवस बुडतो, आणि एकट्या बाईचा नाही, तिच्या नवऱ्याचाही, कारण चिखल मळणारा आणि साच्यातून वीट पाडणारा अशी जोडी असते. ही कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या आधी निघून जातात. नऊ महिन्यांचं बाळ इथे एमआरला चुकलं तर पुढच्या गावी त्याला कोण शोधणार?

पण हे सगळं मॅडमनी आदल्या दिवशी वाचलं होतं आणि वाचूनच निर्णय दिला होता. तेच पुन्हा लिहिलं असतं तर "तुम्ही माझं ऐकलं नाहीत" एवढाच त्याचा अर्थ झाला असता. गप्प बसायचं तर मनाविरुद्धचं काम हातून आपोआप ढिलं होतं, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलं आहे. मॅडमना वेगळा फोन करता आला असता. पण निरोप आशा देणार, नोंदी आरोग्य सेवक भाऊ ठेवणार. माझं मत वेगळं असूनही मी हे काम करणार आहे, हे त्यांनाही दिसायला हवं होतं. म्हणून ग्रुपवरच लिहायचं ठरवलं.

पहिला मसुदा लांबलचक झाला. त्यात माझ्याकडचा सगळ्यात जोरदार मुद्दा होता: लाभार्थी एकच असला तरी व्हायल उघडायची, वाया जाईल म्हणून बाळ परत पाठवायचं नाही, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. तो मुद्दा मी काढून टाकला. समोर आलेल्या बाळाला परत पाठवा असं मॅडम कुठे म्हणाल्या होत्या? त्यांनी सेशनची जागा बदलली होती. चारचौघांत नियम दाखवला असता तर त्यांना स्वतःचा बचाव करावा लागला असता, आणि बाळांचा विषय बाजूला पडला असता. कॅरिअर पोचवण्याच्या अडचणीवर माझ्याकडे उत्तर होतं, तेही खोडलं, कारण एका मुद्द्याला उत्तर दिलं की बाकीचे मुद्देही उठून बसतात.

शेवटी मॅडमच्या निर्णयाच्याच मेसेजला रिप्लाय करून हे पाठवलं:

"मॅडम, निर्णय समजला. पुढच्या महिन्यापासून भट्ट्यांवरची बाळं सबसेंटरलाच बोलवू, निरोप पोचतील याची जबाबदारी माझी. माझं मत वेगळं आहे, ते फक्त नोंदवून ठेवते: आयांची मजुरी बुडते म्हणून एमआरची बाळं गळतील अशी मला भीती आहे. दोन सेशन झाल्यावर ड्यू लिस्टमधली किती बाळं आली ते मी इथे टाकते. निम्म्याहून कमी आली तर मासिक सभेत विषय घ्यावा ही विनंती. तोपर्यंत माझ्याकडून यावर चर्चा नाही."

निर्णयाच्या मेसेजलाच रिप्लाय मुद्दाम केला. भाऊंच्या किंवा आशाताईंच्या जुन्या मेसेजखाली तो गेला असता तर त्यांना दिलेलं उत्तर वाटलं असतं. आणि "निम्म्याहून कमी" हा आकडा आधीच लिहून टाकला, कारण नंतर कितीही बाळं आली असती तरी मला ती कमीच वाटली असती.

विरोध कोणी केला नाही. अडचण आली ती पाठिंब्याची. पाचेक मिनिटांत एका आशाताईंचा मेसेज आला, "सिस्टर बरोबर बोलतात, आम्ही पण हेच सांगत होतो." त्याखाली दोन अंगठे. म्हणजे पुन्हा बाजू पडायला लागल्या. मी लगेच लिहिलं, "ताई, निर्णय झालेला आहे आणि तो मला मान्य आहे. माझं नोंदीपुरतं होतं." मग त्यांना फोन केला आणि निरोपांचं काम कसं वाटून घ्यायचं तेवढंच बोलले. मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं: "ठीक. आकडे टाका."

त्यानंतरचं काम मला मन लावून करावं लागलं. मी निरोपात कुचराई केली असती तर बाळं आली नसती आणि आकडा माझ्या बाजूने पडला असता, पण त्या आकड्याला काय किंमत? आशाताई आदल्या संध्याकाळी भट्ट्यांवर जाऊन माता व बाल संरक्षण कार्डं बघून आल्या. रस्त्यालगतच्या भट्टीच्या मालकांशी मी स्वतः बोलले. विटा टाकून परतणारा ट्रॅक्टर बुधवारी सकाळी सबसेंटरवरून न्यायला ते तयार झाले.

दोन सेशन झाल्यावर हिशेब मांडला. एमआरच्या यादीत दोन्ही भट्ट्यांची मिळून अकरा बाळं होती, त्यातली सहा आली. निम्म्याहून जास्त. मी ग्रुपवर तसंच लिहिलं: "अकरापैकी सहा. मी म्हटलेल्या मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे सभेत विषय घ्यावा असा माझा आग्रह नाही." आणि खाली भट्टीप्रमाणे फोड दिली. रस्त्यालगतच्या भट्टीवरची सहापैकी पाच, नाल्यापलीकडच्या भट्टीवरची पाचपैकी एक. तिथे ट्रॅक्टर नव्हता.

फोड बघून विषय मॅडमनीच सभेत काढला. भाऊंनी सुचवलं की सबसेंटरचं सेशन उरकून तीच उघडलेली व्हायल नाल्यापलीकडे न्यावी. मॅडम नाही म्हणाल्या: सेशन संपलं की एमआरची उघडी व्हायल संपली, ती दुसऱ्या जागी न्यायची नाही. त्यांनी दुसरा मार्ग काढला. रस्त्यालगतची भट्टी सबसेंटरलाच जोडलेली राहील, नाल्यापलीकडे महिन्याआड एक फिरतं सेशन होईल, आणि त्या दिवशी शेजारच्या पालांवरची बाळंही तिथेच बोलवायची, म्हणजे एका व्हायलला दोन-तीन बाळं मिळतील. सूक्ष्म कृती आराखड्यात तशी नोंद झाली, आणि पहिल्या फिरत्या सेशनची ड्यू लिस्ट मी त्याच दिवशी आशाताईंकडे दिली. नाल्यापलीकडची राहिलेली चारही बाळं त्या यादीत वरच्या चार ओळींत होती.