कंप्युटरवर सहा बॉक्स, तरी उत्तर ‘नाही’

फोंड्यात टाइल्सच्या दुकानात काम करतो. चवथीच्या तोंडावर सावईवेऱ्याच्या एक वहिनी गवंड्याला घेऊन आल्या. हॉल आणि व्हरांड्याला आमच्याकडचीच दोन बाय दोनची ग्लॉसी टाइल लावत होते, पाच बॉक्स कमी पडले होते. कंप्युटरवर त्याच डिझाइनचे सहा बॉक्स दिसत होते.

गोदामात जाऊन बॉक्सवरचा शेड नंबर त्यांच्या बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला. तो वेगळा निघाला. भट्टीतून प्रत्येक खेपेला माल थोडा फिका-गडद निघतो, मापातही केसभर फरक पडतो. गवंड्याने आणलेल्या तुकड्याशेजारी आमची टाइल दाराबाहेरच्या उजेडात ठेवली आणि वहिनींना चार पावलं मागून बघायला सांगितलं. जवळून न दिसलेला पिवळसरपणा तिथून लगेच दिसला. “वहिनी, तुमचा माल आमच्याकडे नाही,” मी म्हटलं.

“मग कधी येईल?”

वितरकाला फोन केला. “आठ दिवसांत,” तो म्हणाला. मी विचारलं, माल तयार आहे की बनायचाय? बनायचा होता. टाइल येते मोरबीहून, आणि सौराष्ट्रात सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सणाला, कारखान्यांचे कामगार गावी जातात. गोकुळाष्टमीनंतर चवथ जेमतेम अकरा-बारा दिवसांवर. कामगार परतणार, भट्टीवर हे डिझाइन लागणार, पूर्ण ट्रक भरणार, मग चार-पाच दिवसांचा रस्ता. वहिनींना सांगितलं, “चवथीआधी येणार नाही. अनंत चतुर्दशीनंतरचा आठवडा धरा. आणि तेव्हाही शेड हाच असेल असं मी लिहून देऊ शकत नाही.”

त्यांचा चेहरा पडला. गणपतीच्या माटोळीखाली अर्धवट लादी कोण ठेवणार? म्हणून गवंड्याला हिशेब विचारला. हॉलला अजून चार बॉक्स हवे होते, व्हरांड्याला आठ, हातात सात होते. म्हणजे हॉल त्याच शेडमध्ये पुरा होत होता, अडत होता फक्त व्हरांडा. आणि खरं तर आमच्या पावसात, झड आत येते तिथे, ग्लॉसी टाइल नकोच, पाय घसरतो. त्याच मापाची राखाडी मॅट टाइल आमच्याकडे एकाच शेड नंबरची होती. बॉक्समागे थोडी महाग आहे, हेही आधीच सांगितलं. दोन्ही रंग थेट भिडू नयेत म्हणून उंबऱ्याला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी सुचवली.

वहिनींनी मॅट टाइलवर पाणी ओतायला लावलं, चप्पल काढून पाय घासून पाहिला, मग घरी फोन केला. आठ बॉक्स त्याच दिवशी टेंपोत चढले. हॉलचे उरलेले तीन बॉक्स परत घ्याल का, असं त्यांनी विचारलं. “ठेवा,” मी म्हटलं, “उद्या एखादी लादी फुटली तर हा शेड कुठेच मिळणार नाही.”

चतुर्दशीनंतर ट्रक आला. बॉक्सवर तिसराच शेड नंबर होता.