मोजा क्र. ३ : टाचेच्या कोपऱ्यातली फट अखेर बंद झाली

मागच्या वेळी फोटो टाकला होता त्यात घोट्याच्या दोन्ही बाजूंना फट दिसत होती ती आठवत असेल, तर त्याच फटीवर गेले तीन आठवडे बसलेय. इथे नाशकात पहाटे बऱ्यापैकी गारठा सुरू झालाय, पंचवटीतली मावशी सकाळी फिरायला जाते आणि मोजे तिच्यासाठीच चाललेत, पहिला मोजा घालून बघितला तर म्हणाली छान झालाय गं पण इथून वारं लागतंय. बोट घातलं तर अख्खी करंगळी आत जात होती.

आधी माप सांगते म्हणजे पुढचं कळेल. लोकर लोकरी-नायलॉन मिक्स मोज्यांचीच, सुया अडीच एमएम, एकूण ६४ टाके. पायाचा वरचा भाग ३२ टाके थांबवून ठेवले आणि उरलेल्या ३२ वर फ्लॅप म्हणजे टाचेमागचा पट्टा विणला, सुलट बाजूला एक टाका न विणता सरकवायचा एक सुलट विणायचा असं शेवटपर्यंत, उलट बाजूला पहिला सरकवून बाकी सगळे उलट. अशा ३२ ओळी. पहिला टाका सरकवताना सुई उलट विणल्यासारखी घालायची, आणि धागा सुलट ओळीत मागे, उलट ओळीत पुढे, हे चुकलं की कडेला साखळी येत नाही गाठीगाठी येतात. बरोबर आलं तर दोन ओळींना एक साखळी म्हणजे ३२ ओळींना प्रत्येक कडेला १६ साखळ्या, मोजून बघा, पंधराच सापडल्या तर पुढे जाऊच नका कुठेतरी एक टाका सरकवायचा राहिलाय.

टाच वळवणं मला वाटलं होतं तेवढं अवघड नाही गेलं. पहिला सरकवला, १६ सुलट, मग दोनाचा एक (डावीकडे झुकणारा, म्हणजे दोन टाके एकेक सुलट विणल्यासारखे सरकवून मग मागच्या बाजूने एकत्र), एक सुलट, आणि ओळ अर्धवट टाकून फिरायचं. उलटीकडून पहिला सरकवला, ३ उलट, उलटाच दोनाचा एक, एक उलट, फिरायचं. त्यानंतर दर ओळीला मधले टाके एकेक वाढत जातात आणि जिथे मागच्या वेळी फिरलो तिथे एक बारीक खाच दिसते, त्या खाचेच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका मिळून दोनाचा एक. मोजायची गरजच नाही, खाच दिसते. १४ ओळी झाल्या की कडेचे सगळे टाके संपतात आणि सुईवर १८ उरतात, मधोमध छान वाटी तयार होते.

आता मुद्द्याची गोष्ट. ते १८ सुलट विणून फ्लॅपच्या कडेने १६ टाके उचलत खाली यायचं, मग वरच्या भागाचे ३२, मग दुसऱ्या कडेने वर १६. फट पडते ती कडेवर नाही, फ्लॅप आणि वरचा भाग जिथे भेटतात त्या दोन कोपऱ्यांत. कारण असं की वरचे ३२ टाके फ्लॅपच्या ३२ ओळी होईपर्यंत नुसते थांबून असतात, आणि त्यांच्यातला शेवटचा टाका आणि फ्लॅपचा पहिला टाका यांच्यामधला धागा दोन्हीकडून ओढला जाऊन लांब होतो. शिवाय विणकाम तिथे काटकोनात वळतंय, त्यामुळे ताण सगळा त्याच एका धाग्यावर.

पहिल्या मोज्यात मी कोपऱ्यात काहीच केलं नाही, १६ आणि १६ उचलले बस. दुसऱ्यात कोणीतरी सांगितलं म्हणून कोपऱ्यात एक टाका जास्त घेतला, पण घेतला कुठून तर त्याच लांब झालेल्या धाग्यातून, आणि सरळच विणला, तर फट उलट मोठी झाली! तो धागा आधीच सैल, त्यातून टाका काढला की तो अजून उघडतो.

मावशीने दिव्याखाली धरून पाहिलं. ती मोजे विणत नाही, स्वेटरच विणते, पण तिने सुईच्या टोकाने तो सैल धागा बाजूला केला आणि म्हणाली, "अगं हा नको धरू, याच्या खालचा बघ." त्याच्या एक ओळ खाली, म्हणजे फ्लॅप सुरू व्हायच्या आधी गोल विणलं होतं तिथे, दोन टाक्यांमधला आडवा धागा अगदी घट्ट बसलेला असतो कारण तिथे काही ताणलंच गेलेलं नाही.

तर तिसऱ्या मोज्यात तो खालचा घट्ट धागा डाव्या सुईवर पुढून घेतला आणि मागच्या पायातून सुलट विणला म्हणजे त्याला पीळ पडला. वरचा सैल धागा आपोआप आत मागच्या बाजूला राहतो. दोन्ही कोपऱ्यांत एकेक, म्हणजे १८ + १६ + १ + ३२ + १ + १६ = ८४ टाके. पुढच्याच फेरीत तो जादा टाका आणि शेजारचा फ्लॅपचा टाका मिळून दोनाचा एक, वरच्या भागाच्या आधी येतो तिथे उजवीकडे झुकणारा म्हणजे नेहमीचा, नंतर येतो तिथे डावीकडे झुकणारा, की झाले ८२.

कडेचे १६ उचलतानाही एक बदल केला. आधी साखळीचा बाहेरचा एकच पाय धरत होते, त्याने कडेने जाळी दिसायची. आता सुई साखळीच्या दोन्ही पायांखालून घालते (हात दुखत असेल तर क्रोशाची सुई घ्या, धागा पटकन ओढता येतो), आणि त्या पहिल्या फेरीत हे टाके मागच्या पायातून विणते, पीळ पडून घट्ट बसतात. फक्त त्या एकाच फेरीत, दर फेरीत पीळ दिला तर कड आखडते.

मग ८२ वरून ६४ वर यायला एका फेरीआड दोन टाके कमी, एकूण ९ वेळा.

विणून झाल्यावर मोजा मुठीवर चढवून खिडकीच्या उजेडात धरला. पहिल्या मोज्यात कोपऱ्यातून सरळ उजेड येत होता, यात कोपरा आणि आजूबाजूचे टाके वेगळे ओळखूच येईनात. पहिल्या मोज्याची फट उसवली नाही, आतल्या बाजूने लोकरीचा तुकडा दाभणात ओवून फटीभोवतीचे टाके गोलाकार उचलले आणि हलकेच ओढून घेतलं, बंद झाली, पण बोट फिरवलं की छोटी गाठ लागते. मावशी म्हणते बुटात टोचत नाही.

आता जोडीचा दुसरा मोजा घोट्यापर्यंत आलाय. मावशीचा पाय वरून उंच आहे, चढवताना टाचेवर ओढ बसते, त्यामुळे यात फ्लॅप ३६ ओळींचा करतेय म्हणजे साखळ्या १८ आणि उचलायचेही १८, कोपऱ्यातले दोन घालवल्यावर ८६ उरतील आणि कमी करणं ९ ऐवजी ११ वेळा. आज २२ ओळी झाल्यात, साखळ्या मोजल्या, अकरा बरोबर आहेत.