भाच्याला चोखोबांचा अभंग समजावताना

भाचा नववीत. वाळव्याकडे त्यांचा ऊस आहे. सुट्टीत सांगलीला आला तेव्हा मी त्याच्यासोबत चोखामेळ्यांचा ‘ऊस डोंगा’ वाचायला घेतला. पहिल्या ओळीतच तो म्हणाला, "दिसण्यावर जाऊ नका, एवढंच ना? हे तर स्टेटसला असतंच." अर्थ इथेच संपवला, तर मुलं खरंच पुढे ऐकत नाहीत. म्हणून सार न सांगता मी एकेक ओळ घेतली.

‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा।’ डोंगा म्हणजे वाकडा. शेतकऱ्याचं पोर ते, लगेच म्हणालं, "मामा, लोळलेल्या उसाला उतारा कमी पडतो की!" बरोबरच होतं त्याचं. पण चोखोबा गोडी मोजत नाहीत. रस कमी गोड असेल, वाकडा कसा असेल? वाकडेपण कांडीचं, रसाला ते लागूच होत नाही.

‘कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा।’ रस आत दडलेला असतो, तीर मात्र बाहेर पडून सरळ जातो. आणि कमान वाकल्याशिवाय तो सुटतही नाही. हे त्याला फार आवडलं.

खरी अडचण आली ती ‘नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें’ या ओळीला. "पाणी तर नदीबरोबर वळतंच," तो म्हणाला. त्याला हरिपूरला संगमावर नेलं. कृष्णा-वारणेच्या काठावर ओंजळभर पाणी घ्यायला लावलं आणि विचारलं, यात वळण कुठाय? बराच वेळ ओंजळीकडे बघून म्हणाला, "वळण काठाचं आहे."

मला तेच हवं होतं, कारण शेवटच्या चरणात संत स्वतःचं नाव घालतात: ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा।’ तो अस्वस्थ झाला. "स्वतःला वाकडा का म्हणतात ते?" मग मी इतिहास सांगितला. चोखोबा महार, विठ्ठलाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाबाहेरच. ते दार दलितांसाठी उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

"म्हणजे डोंगा लोक म्हणायचे," तो म्हणाला, "तो शब्द घेऊनच ते बोलतायत."

मी त्याला ध्रुपद पुन्हा वाचायला सांगितलं. ‘काय भुललासी वरलिया रंगा।’ उसानंतर हा प्रश्न साधा वाटतो. कमानीनंतर, नदीनंतरही कुणाला झोंबत नाही. चोखा हे नाव आल्यावर शब्द तेच राहतात, पण ते आता दार अडवून उभ्या असलेल्या माणसाला विचारलेले असतात. तेही ‘भुललासी’ असं, एकेरीत.

"आणि वाचणाऱ्यालाही," भाचा म्हणाला.