परदेशातल्या शाळकरी मुलीची कथा : तिसऱ्या खर्ड्यापर्यंतची वाटचाल

हौसेने कथा लिहिणाऱ्या आपल्या मंडळींपुढे सध्या हातात असलेल्या कथेची प्रगती मांडतो आहे. कथा लहान आहे. फोंड्याची अकरा वर्षांची वैदेही आईवडिलांबरोबर माद्रिदला जाते, तिथल्या शाळेत सहावीच्या वर्गात बसते आणि ‘एम्बाराथादा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘लाजलेली’ असा नसून ‘गरोदर’ असा आहे हे तिला भर भोजनगृहात वापरून झाल्यावर कळते. एवढाच प्रसंग एखाद्याने चहाच्या टपरीवर विनोद म्हणून सांगितला असता तर तो दोन वाक्यांत संपला असता. मला मात्र ती मुलगी त्या शब्दापर्यंत कशी पोहोचते हे लिहायचे होते. हुशार मुलगी नीट विचार करून चुकली तरच वाचक तिच्या बाजूने उभा राहतो, असे मला वाटते.

पहिल्या खर्ड्यात कारण सरळ होते. वैदेहीला इंग्रजी येते, इंग्रजीतला ‘एम्बॅरस्ड’ आणि स्पॅनिश ‘एम्बाराथादा’ ऐकायला जवळचे आहेत, म्हणून ती फसते. हे खरे असले तरी ती मुलगी मुंबईची, नागपूरची किंवा लंडनचीही असू शकली असती. गोव्याची मुलगी निवडली आहे, तर तिच्या चुकीत गोवा असायला हवा, या विचाराने मी पोर्तुगीजकडे वळलो आणि कथेला खरा कणा तिथे मिळाला.

वैदेहीची आजी १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव या प्राथमिक टप्प्यापर्यंत शिकलेली आहे. नातीने माद्रिदला जाण्यापूर्वी आजी तिला जुन्या आठवणीतले शब्द देते. शिवाय आपल्या रोजच्या बोलण्यातले पाव, पगार, बालदी हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत, आणि स्पॅनिशमध्येही त्यांची भावंडे सापडतात. पाव तिथे ‘पान’ होतो, पगार देणे ‘पागार’ होते, बालदी ‘बाल्दे’ होते. माद्रिदमधले पहिले आठवडे वैदेही याच बळावर काढते, आणि हळूहळू तिला एक नियमही सापडतो. आजीच्या पोर्तुगीजमध्ये जिथे ‘स’ येतो, तिथे बऱ्याच शब्दांत माद्रिदची मुले जीभ दातांना लावून ‘थ’ म्हणतात. आजीचे ‘कबेसा’ म्हणजे डोके, इथे ‘काबेथा’ होते. आजीचा ‘ब्रासु’ म्हणजे हात, इथे ‘ब्राथो’ होतो. आजीच्या ‘प्रासा’चा चौक इथे ‘प्लाथा’ होतो. हा नियम तिने स्वतः शोधलेला आहे आणि सगळीकडे नाही तरी पुष्कळ शब्दांत तो बरोबरही आहे.

म्हणूनच पुढची पायरी अटळ होते. पोर्तुगीजमध्ये ‘एंबारासादा’ म्हणजे गोंधळलेली, संकोचलेली, आणि गरोदर स्त्रीसाठी त्या भाषेत ‘ग्राविदा’ असा वेगळाच शब्द आहे. वैदेही आपला नियम लावते, ‘स’च्या जागी ‘थ’ घालते, आणि तिला उच्चाराच्या दृष्टीने निर्दोष असा स्पॅनिश शब्द मिळतो. वर इंग्रजीही तिच्याच बाजूने साक्ष देते. दोन भाषा एकच अर्थ सांगत असताना तिसरी वेगळे सांगेल असे अकरा वर्षांच्या मुलीने का मानावे? दुसऱ्या खर्ड्यात हा भाग चांगला दोन पाने झाला, आणि तो कमी करण्याची माझी इच्छा नाही.

आता मुख्य प्रसंग. शाळेच्या भोजनगृहात वैदेहीच्या हातून सूप सांडते आणि ते वर्गशिक्षिकेच्या कपड्यांवर उडते. सगळे वळून पाहतात. ती उभी राहते आणि मनात जुळवून ठेवलेले वाक्य म्हणते, ‘लो सिएन्तो, एस्तोय मुय एम्बाराथादा.’ तिला म्हणायचे असते की मला क्षमा करा, मला फार लाज वाटते आहे. ऐकणाऱ्यांच्या कानावर मात्र ‘क्षमा करा, मी फार गरोदर आहे’ असे पडते.

या वाक्यातला ‘मुय’ मी जाणीवपूर्वक ठेवला आहे. ‘मुय’ म्हणजे फार, आणि बोलण्यात ‘मुय एम्बाराथादा’ म्हटले की दिवस भरत आलेली, पोट मोठे झालेली बाई डोळ्यांपुढे येते. सडपातळ अकरा वर्षांची मुलगी सुपाच्या रिकाम्या वाडग्यासह उभी राहून हे म्हणते, तेव्हा मुलांना हसू फुटणारच. नायिका मुलगी असण्याचेही इथे काम आहे. मुलगा असता तर तो ‘एम्बाराथादो’ म्हणाला असता, आणि त्या पुल्लिंगी रूपामुळेच ऐकणाऱ्याला काहीतरी घोटाळा आहे हे लगेच कळले असते. वैदेहीचे वाक्य व्याकरणाने चोख आहे, ‘असणे’ या अर्थाच्या दोन स्पॅनिश क्रियापदांपैकी योग्य तेच तिने निवडले आहे, लिंग जुळले आहे. तिची चूक वाक्यात कुठेच दिसत नाही, आणि ती तिला स्वतःला सापडणे म्हणूनच अशक्य आहे.

वयाचा प्रश्नही इथेच सुटला. तीच मुलगी पंधरा वर्षांची केली, तर शिक्षिकेला ते वाक्य गंभीरपणे घ्यावे लागेल, तिला बाजूला घेऊन चौकशी करावी लागेल, घरी कळवावे लागेल, आणि कथा वेगळ्याच दिशेला जाईल. ती कथाही लिहिण्यासारखी आहे, पण माझी नाही. अकराव्या वर्षी, हातात वाडगा असताना, शिक्षिका क्षणभर थांबते आणि तिला उमगते. परकी मुले शिकवणाऱ्या कोणालाही ही चूक ओळखीची असते, त्यामुळे तिचे उमगणे ओढून आणलेले वाटत नाही.

शिक्षिका काय बोलते यावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. अर्थ समजावून सांगणारी शिक्षिका मला नको होती, कारण मग कथेत शब्दकोश बोलू लागतो. माझी शिक्षिका फक्त बरोबर वाक्य प्रश्नरूपाने परत देते, ‘ते दा बेर्ग्वेन्था?’ म्हणजे, तुला लाज वाटते का? वैदेही मान हलवते आणि म्हणते, ‘मे दा बेर्ग्वेन्था.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून पाहिले. त्यातला ‘मे’ हा आपला ‘मला’ आहे. इंग्रजीत माणूस स्वतः लाजलेला ‘असतो’, पण स्पॅनिशमध्ये लाज त्याच्याकडे येते, जशी मराठीत ती ‘मला वाटते’. वैदेहीने आजीची पोर्तुगीज आणि शाळेची इंग्रजी अशा दोन्ही वाटा तपासल्या, आणि वाक्याची घडण मात्र तिच्या घरच्या भाषेजवळची निघाली. कथेत हे मी कुठेही सांगितलेले नाही. फक्त एवढे केले आहे की हे वाक्य म्हणताना ती अडखळत नाही.

हसण्याचे कारण तिला अजून कळलेले नसते. ते कळण्यासाठी मी बस निवडली. घरी जाताना बसमध्ये एक म्हातारी बाई राखीव आसनावर बसलेल्या तरुणाला सांगते की या मुलीला बसू दे, ती ‘एम्बाराथादा’ आहे. वैदेही मान वर करते, तर समोर दांड्याला धरून उभी असलेली बाई आणि तिचे भरलेले पोट. तरुण उठतो, बाई बसते, बस पुढे जाते. औषधाच्या खोक्यातल्या पत्रकावर वैदेहीला ‘गरोदरपण आणि स्तनपान’ हा मथळा वाचायला लावावा असेही मनात आले होते, कारण स्पेनमधल्या औषधांच्या पत्रकांत तो असतोच. पण वाचलेला शब्द आणि डोळ्यांसमोर दिसलेला शब्द यांत मला दुसरा अधिक बळकट वाटला.

या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग तिसऱ्या खर्ड्यात आला. संध्याकाळी वैदेही आजीला फोन करते. माद्रिदला हिवाळ्यात पाच वाजलेले असताना गोव्यात साडेनऊ होतात, म्हणजे आजी जेवून आडवी होण्याच्या बेतात आहे. वैदेही शाळेतले काहीच सांगत नाही. आजीच घरच्या बातम्या देते, आणि त्यात चुलत बहिणीचा विषय निघतो. ‘अगो बाय, ती आता अवघडली आहे, जिना चढवत नाही तिला.’ वैदेही विचारते, ‘अवघडली म्हणजे?’ आजी म्हणते, ‘म्हणजे आठवा लागला गो.’ आणि मग वैदेहीला आठवते, की दुपारी भोजनगृहात सगळे पाहत असताना तिला जे झाले होते त्यालाही आई ‘अवघडल्यासारखे होणे’ असेच म्हणते.

मराठीने एकाच क्रियापदात दोन्ही अर्थ ठेवलेले आहेत, आणि स्पॅनिशनेही तसेच केले आहे. स्पॅनिशमध्ये ‘एम्बाराथार’ म्हणजे मुळात अडथळा आणणे, अडकवणे. त्यातूनच गरोदर करणे हा अर्थ रुळला, आणि अवघड प्रसंगाला ‘एम्बाराथोसा’ म्हणणे आजही चालते. म्हणजे प्रसंग तसा असू शकतो, माणूस मात्र नाही. अनेक कोशकार हे कुळ पोर्तुगीज ‘बारासु’, म्हणजे दोरी, या शब्दापर्यंत नेतात आणि तिथून ते स्पॅनिश, फ्रेंच आणि शेवटी इंग्रजीत गेले असे मानतात. आजीची भाषा आणि शाळेतली इंग्रजी या वैदेहीच्या दोन साक्षीदार म्हणूनच एकसारखे बोलत होत्या, त्या एकाच घरातल्या होत्या. व्युत्पत्तीचा हा सगळा भाग मी कथेबाहेर ठेवला आहे. अकरा वर्षांच्या मुलीला तो माहीत असणार नाही, आणि निवेदकाने मध्ये येऊन सांगितला तर आजीच्या वाक्याचे बळ जाते.

खर्डा म्हापशाच्या एका लेखकमित्राला वाचून दाखवला. त्याला स्पॅनिशचा गंध नाही, म्हणून त्याचे ऐकणे माझ्या उपयोगाचे होते. भोजनगृहात मुले हसली तेव्हा त्याने ‘का हसली?’ असे विचारले नाही, तो बसच्या प्रसंगापर्यंत थांबला, आणि तिथे त्याचा चेहरा बदलला. त्याला कारण आधी कळावे लागले नाही, यावरून क्रम जुळला असे मी मानतो. त्याची एक सूचना मात्र मला पटली आहे. ‘थ’ आणि ‘स’चा नियम वाचकाला आधी दोन वेळा कानावर पडला पाहिजे, नाहीतर मुख्य वाक्यात तो ओळखू येत नाही. त्यासाठी विमानतळावरच्या पानात ‘प्लाथा’ आणि पहिल्या शाळेच्या दिवशी ‘काबेथा’ पेरतो आहे.

स्थळाचा निर्णयही झाला. लॅटिन अमेरिकेत हाच शब्द ‘एम्बारासादा’ असा उच्चारतात, आणि तो ऐकायला आजीच्या पोर्तुगीज शब्दासारखाच होतो. कथा मेक्सिकोत घडवली असती तर वैदेहीला नियम शोधावाच लागला नसता, म्हणून माद्रिद पक्के. चौथ्या खर्ड्यात वडिलांच्या हॉटेलातल्या स्वयंपाकघराची दोन पाने गाळणार आहे आणि फोनचा प्रसंग आजीच्या ‘गो’वर थांबवणार आहे. वैदेहीने आजीला सगळे सांगावे की नाही, हे अजून ठरायचे आहे. ज्यांनी मुलांच्या तोंडी परकी भाषा घालून लिहिले आहे त्यांनी आपले मत जरूर कळवावे.