दिवे लागले, अक्षर उमटेना: केबल क्र. 4 ची नोंद

सांगली-मिरज-कुपवाडच्या कीबोर्डवाल्या मंडळींसाठी ही चौथ्या केबलची नोंद. संगणकाकडे यूएसबी-ए, कीबोर्डकडे यूएसबी-सी, मध्ये चार पिनांचा जीएक्स16 एव्हिएटर प्लग आणि कीबोर्डच्या बाजूला 15 सेंटीमीटरची कॉइल. केबल आता पूर्ण झाली आहे. पण कॉइलपेक्षा जास्त वेळ सी-टोकाने खाल्ला, म्हणून त्या टोकाबद्दलच सविस्तर लिहिले आहे.

माप

सगळ्यात आधी लांबीचा हिशेब, कारण कॉइल किती वायर गिळते याचा अंदाज पहिल्या वेळी हमखास चुकतो. चार कोअरच्या शिल्डेड केबलवर पॅराकॉर्ड आणि त्यावर नायलॉनची जाळी चढवली की बाहेरची जाडी 5.5 मिमी भरते. 150 मिमीच्या कॉइलमध्ये असे साधारण 27 वेढे बसतात. कॉइल जिच्यावर गुंडाळायची ती सळई 12 मिमीची घेतली तर वेढ्याचा मधला व्यास 12 अधिक 5.5, म्हणजे 17.5 मिमी, आणि एका वेढ्याला सुमारे 55 मिमी वायर लागते. 27 वेढ्यांना झाली दीड मीटर. प्लगकडे 15 आणि कीबोर्डकडे 25 सेंटीमीटर सरळ शेपटी ठेवली. म्हणजे कॉइलच्या बाजूला 1.9 मीटर, संगणकाच्या बाजूला 1.2 मीटर, एकूण 3.1 मीटर.

सळई कुपवाड एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवाल्याकडे तुकड्यात मिळते. गंज नसलेली, गुळगुळीत घ्या. खरखरीत सळईवरून कॉइल काढताना जाळीचे धागे ओढले जातात.

3.1 मीटर लांबीमुळे पॉवरच्या वायरींची जाडी महत्त्वाची ठरते. वीज जाते आणि परतही येते, म्हणून अंतर 6.2 मीटर धरायचे. 28 गेजच्या तांब्याला एवढ्या अंतरात सुमारे 1.3 ओहम रोध येतो, 24 गेजला सुमारे अर्धा ओहम. कीबोर्डचे सगळे दिवे पांढरे करून तो 400 मिलिअँपिअर ओढत असेल, तर 28 गेजमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडे जास्त वाटेतच संपते, 24 गेजमध्ये 0.2 व्होल्ट. म्हणून लाल आणि काळी 24 गेजची, डाटाच्या दोन 28 गेजच्या. डाटाच्या वायरींतून प्रवाह नगण्य असतो, त्या बारीक चालतात. व्होल्टेज कमी पडते आहे हे डोळ्यांना दिसते: निळा रंग आधी मंदावतो आणि पांढरा पिवळसर दिसू लागतो.

कॉइल

वेढे एकमेकांना चिकटवून, दोन्ही टोके केबल टायने बांधून घट्ट गुंडाळायचे. साध्या हेअर ड्रायरने फिरवत फिरवत 12 ते 15 मिनिटे शेक दिला आणि सळईवरच रात्रभर थंड होऊ दिले. घाईने सोडलेली कॉइल दोन दिवसांत ढिली पडते. सळईवरून काढल्यावर एक एक वेढा उलट्या दिशेला पिळून पुन्हा गुंडाळला. ताण उलटा बसतो, त्यामुळे कॉइल ओढून सोडली की परत मिटते.

हीट गन वापरणार असाल तर जपून. आतल्या वायरींचे पीव्हीसी वरच्या जाळीच्या कितीतरी आधी मऊ पडते. वेढ्याच्या आतल्या बाजूला वायरी एकमेकींवर दाबलेल्या असतात, तिथे मऊ पीव्हीसी दबून तांबे तांब्याला टेकते. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून टोके जोडण्याआधी, थंड झालेल्या कॉइलवर मीटर लावून चारही वायरी आणि शिल्ड एकमेकांशी तपासायच्या. एकाही जोडीवर बीप आला तर ती कॉइल बाद.

सी-टोक, प्रयत्न पहिला

कीबोर्डकडचे टोक घरातल्या एका जुन्या केबलचे कापून वापरायचे ठरले होते, कारण मोल्ड केलेले टोक दिसायला नेटके असते. कापल्यावर आत दोनच वायरी निघाल्या, लाल आणि काळी. ती केबल ट्रिमरसोबत आलेली होती, फक्त पॉवरची.

अशा केबली का बनतात हे नीट समजून घ्यावे. ट्रिमर, टेबलवरचा दिवा, छोटा पंखा यांना संगणकाशी बोलायचेच नसते. त्यांना पाच व्होल्ट पुरतात. दोन वायरी वगळल्या की तांबे वाचते, केबल बारीक आणि स्वस्त होते. फोनचा चार्जर आपण चार्जर आहोत हे सांगण्यासाठी आपल्या पोर्टमध्ये डी प्लस आणि डी मायनस या डाटाच्या दोन पिना एकमेकांना जोडून ठेवतो. केबलमध्ये डाटाच्या वायरीच नसतील तर ही खूण फोनपर्यंत पोहोचत नाही, म्हणून काही दोन वायरींच्या केबलींमध्ये तीच जोडणी फोनकडच्या टोकात करून ठेवलेली असते. अनोळखी जागी चार्ज करताना फोनमधला डाटा कोणी काढू नये म्हणून मुद्दाम घेतलेल्या पॉवर-ओन्ली केबलीही असतात. त्यांच्या त्यांच्या कामाला त्या ठीकच आहेत.

कीबोर्डला मात्र दाबलेले प्रत्येक बटण डाटाच्या वायरींवरून पाठवायचे असते. फसगत इथेच होते: पॉवर पोहोचली की बरेच कीबोर्ड लगेच दिवे लावतात आणि केबल चालू आहे असे वाटते. ब्लूटूथ कीबोर्ड तर आणखी चकवतात. बॅटरी चार्ज होते, अक्षरेही उमटतात, पण ती ब्लूटूथवरून. फर्मवेअर टाकायला बसल्यावर कळते की संगणकाला त्या केबलवर काही दिसतच नाही. म्हणून तपासताना ब्लूटूथ बंद करून, कीबोर्ड वायर्ड मोडवर ठेवून टाइप करा. दुकानात विचारायचे तर "चार्जिंगची आहे का" असे नको, "डाटा चालतो का" असे विचारा आणि फोन लावून एखादी फाइल पाठवून बघा.

प्रयत्न दुसरा

दुसरे टोक चार वायरींच्या केबलचे घेतले. एव्हिएटरवर क्रम यूएसबी-ए सारखाच ठेवला: 1 ला लाल, 2 ला पांढरी म्हणजे डी मायनस, 3 ला हिरवी म्हणजे डी प्लस, 4 ला काळी. प्लगवर कोरलेला आकडा वाचून सोल्डर करायचे, जागा बघून नाही. समोरासमोरच्या भागांत पिना आरशातल्यासारख्या उलट दिसतात, आणि नजरेने जुळवायला गेलात तर लाल-काळी उलटून कीबोर्ड जळू शकतो.

पिनांच्या वाटीत आधी टिन भरून घ्या, वायर 3 मिमी सोला, आयर्न साधारण 350 अंशावर. सोल्डर करताना समोरचा भाग जोडून ठेवा. उष्णतेने आतले प्लास्टिक मऊ झाले तर पिना वाकड्या होतात, जोडलेल्या असल्या की सरळ राहतात. धातूचे मागचे कव्हर आणि हीट श्रिंकचे तुकडे वायरीत आधीच ओवून ठेवा. संगणकाच्या बाजूला भोकांचा भाग, कॉइलच्या बाजूला पिनांचा. उलट केले तर प्लग सुटल्यावर पाच व्होल्ट उघड्या पिनांवर राहतात आणि टेबलवरची एखादी धातूची वस्तू लागून शॉर्ट होतो.

सगळे जोडले, दिवे लागले, अक्षर उमटेना. लिनक्सवर `dmesg` मध्ये हे आले:

```
usb 1-2: new low-speed USB device number 9 using xhci_hcd
usb 1-2: device descriptor read/64, error -71
```

उत्तर पहिल्याच ओळीत आहे. हा कीबोर्ड फुल-स्पीडचा. फुल-स्पीड उपकरण आपली ओळख देण्यासाठी डी प्लसची वायर 1.5 किलोओहमने वर ओढते, लो-स्पीड उपकरण डी मायनसची. संगणकाला लो-स्पीड दिसला याचा अर्थ वर ओढलेली वायर त्याला डी मायनसच्या जागी सापडली. म्हणजे दोन्ही वायरी शाबूत, फक्त अदलाबदल झालेल्या.

याच पद्धतीने बाकीचे दोषही ओळखता येतात. दिवे लागूनही `dmesg` मध्ये एकही ओळ आली नाही, तर डी प्लस तुटलेली आहे किंवा दोन्ही डाटा वायरी नाहीत. पॉवर-ओन्ली केबल अशीच वागते. `full-speed` लिहून येऊन पुढे हीच चूक येत असेल, तर आधी डी मायनसचा जोड बघा. विंडोजवर मात्र उलटापालट आणि तुटलेली डी मायनस या दोन्हींना डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` असेच दिसते, त्यातून फरक कळत नाही.

एव्हिएटर उघडला. आपले सोल्डर बरोबर होते. सी-टोकाला ब्रेकआउट बोर्ड लावून मीटरने बघितले, तर त्या केबलमध्ये हिरवी डी मायनसला आणि पांढरी डी प्लसला जोडलेली होती. रंगांवर विसंबायचे नाही. दहा रुपयांच्या केबलला काय आणि हजाराच्या केबलला काय, आधी मीटर, मग आयर्न. 2 आणि 3 ची अदलाबदल केल्यावर कीबोर्ड लगेच ओळखला गेला.

ब्रेकआउट लावलाच आहे तर सीसी पिन, म्हणजे समोर काय जोडले आहे हे ओळखायची पिन, आणि पाच व्होल्ट यांमधला रोधही मोजा. ए-कडून येणाऱ्या केबलच्या सी-टोकात तो 56 किलोओहम हवा. सुटे सी-प्लग घेताना 5.1 किलोओहम लावलेलेही मिळतात, ते या कामाचे नाहीत.

दोन्हीकडे सी हवे असेल तर

चार पिनांचा एव्हिएटर पुरत नाही. संगणकाचा सी-पोर्ट समोरच्या उपकरणातला 5.1 किलोओहम सीसी वायरीवर दिसेपर्यंत पाच व्होल्ट सोडतच नाही. म्हणून पाचवी वायर सीसीसाठी, आणि प्लगही पाच पिनांचा. चार पिनांवर अशी केबल बनवली तर दिवाही लागणार नाही.

मागच्या क्लॅम्पचे दोन स्क्रू केबल हलायची थांबेल इतकेच आवळायचे. केबल क्र. 2 मध्ये ते जास्त आवळल्याने जाळीखालची डाटाची वायर दबली आणि कॉइल ओढली की कीबोर्ड मध्येच सुटायचा. क्र. 4 मध्ये क्लॅम्पखाली हीट श्रिंकचे दोन थर दिले आहेत. कॉइल पन्नास वेळा ओढून झाली, `dmesg` मध्ये एकदाही `disconnect` आलेले नाही.