सांध्यावरची चीर

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी वाईतल्या एका घरी नवरीला हिरवा चुडा भरायला गेले होते. बांगड्या भरणं हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. सासूबाईंच्या हाताखाली मी ते शिकले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पेटी उघडून बसते न बसते तोच आतल्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. नवरीच्या धाकट्या बहिणीच्या हातात काचेची बांगडी अडकली होती. पोरगी बारा वर्षांची. घरातल्या तिघीचौघी अर्ध्या तासापासून तिची बांगडी ओढत होत्या.

बांगडी तिच्या ताईची होती, लहानपणीची, लाल, बारीक जरीची. ताई उद्या सासरी जाणार म्हणून पोरीने जुन्या डब्यातून काढून घातली होती. माप 2.2. हे माप दशांशाचं नसतं. 2.2 म्हणजे दोन इंच आणि एका इंचाचे सोळापैकी दोन भाग. म्हणूनच आमच्यात 2.10 ही बांगडी 2.8 पेक्षा मोठी. पोरीचा हात 2.4 चा होता. फरक कागदावर एका सुताचा, पण काच काही ताणत नाही. घालताना जोर करून चढली कशीबशी. निघायला तयार नव्हती.

घालणं आणि काढणं यात एक फरक आहे, तो घरात कुणाच्या लक्षात येत नाही. घालताना बांगडी हाताची कातडी मनगटाकडे मागे सारत जाते. काढताना तीच कातडी बांगडीच्या पुढे गोळा होते आणि अंगठ्याच्या मुळाशी तिची वळी बनते. तुम्ही ओढाल तितकी वळी जाड होते, हात सुजतो आणि सुजलेल्या हाताला काल चढलेली बांगडीसुद्धा आज लहान होते.

मी आधी सगळ्यांना बाजूला केलं. बांगडी अंगठ्याच्या मुळापाशी रुतून बसली होती, बोटं पांढुरकी पडली होती. मी ती पुढे ओढली नाही, उलट हळूच मागे मनगटाकडे सरकवली. काकू म्हणाल्या, "अहो, आणखी वर कशाला नेताय?" पण मनगट हातापेक्षा बारीक असतं. तिथे बांगडी सैल लोंबते, रक्त अडत नाही. खरा धोका असतो तो मध्ये अडकण्याचा. नंतर मी तिचं नख दाबून सोडलं. दोनएक सेकंदात गुलाबी रंग परत आला. बोटं हलत होती, मुंग्या नव्हत्या. बोटं निळी पडली असती किंवा बधिर झाली असती, तर मी पेटी तिथेच ठेवून तिला दवाखान्यात न्यायला सांगितलं असतं.

आता घाई नव्हती. उशांवर हात छातीपेक्षा उंच ठेवायला लावला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून, वर पंचा गुंडाळून पाचपाच मिनिटं लावला आणि काढला. बर्फ पिशवीत, कारण हातावरची मेंदी थोड्याच वेळापूर्वी खरवडली होती आणि तिला सकाळपर्यंत पाणी लागू द्यायचं नव्हतं. त्यामुळे साबणाचं पाणीही गेलं. राहिलं खोबरेल, ते मेंदीला चालतं. वीसेक मिनिटांनी वळी उतरली. अशा वेळी मी हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवते, तिची कड बांगडीखालून मनगटाकडे काढते, वरून तेल लावते आणि बांगडी पिशवीवरून घसरवते. कातडी पिशवीखाली दबलेली राहते, गोळा होत नाही. अंगठा तळव्यात दुमडायचा, आधी अंगठ्याच्या बाजूची कड पुढे आणायची, मग करंगळीची. बऱ्याचदा एवढ्याने काम होतं.

पण पिशवी चढवण्याआधी मी नेहमी बांगडीवरून नख फिरवते. फिरोजाबादच्या काचेच्या बांगडीला एक सांधा असतो. लांब वळ्यातून एकेक कडं कापून त्याची टोकं ज्योतीवर जोडतात, ती जागा. तिथेच माझं नख अडकलं. हात दिव्याजवळ नेला, तर सांध्याजवळ केसाएवढी चीर. ओढाताणीत पडलेली. चीर गेलेली काच जोर लावल्यावर कधी, कुठे दगा देईल याचा नेम नाही. अंगठ्याच्या मुळावरून सरकताना फुटली, तर सगळं टोक तिथल्या मांसात जाणार. मी पिशवी बाजूला ठेवली.

"ही ओढायची नाही," मी म्हटलं, "ही वाढवायला लागेल."

आजी दारातच होत्या. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तरी त्यांचा चेहरा उतरला. "लग्नघर आहे गं बाई. उद्या मुहूर्त. आज काच नको." मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. मीही त्याच रीतीत वाढलेय आणि ती मनापासून पाळते. मी म्हटलं, "आजी, पोरीचा हात रिकामा ठेवायचा नाही ना? आधी दुसऱ्या हातात माझ्याकडची हिरवी भरते. मग ही वाढवू. पण उद्या सप्तपदीच्या वेळी हिच्या हातातून रक्त यायला नको." आजींनी थोडा वेळ पोरीच्या बोटांकडे पाहिलं. मग स्वतःच हळदीकुंकू घेऊन आल्या.

पोरीच्या डाव्या हातात 2.4 च्या दोन हिरव्या भरल्या. उजवा हात परातीवर धरला. मऊ धोतराच्या कापडाच्या तीन घड्या बांगडीखालून सारल्या, वरूनही एक घडी घेतली. पोरीच्या डोळ्यांवर ओढणी टाकली, मान पलीकडे वळवली. बांगडी फिरवून पक्कड हाताच्या पाठीकडे घेतली, कारण मनगटाच्या आतल्या बाजूला शिरा वर असतात. पिळायचं नाही, फक्त दाबायचं. कट्ट असा आवाज झाला. इथे थांबलं तर उपयोग नसतो. लोखंडाचं कडं एका ठिकाणी कापून फाकवता येतं, काच फाकत नाही. म्हणून समोरासमोर दुसरीकडेही तोडावी लागते. आता पक्कड खालच्या बाजूला येत होती, म्हणून तिथे कापडाची चौथी घडी घातली आणि दुसऱ्यांदा दाबलं. दोन कमानी कापडासकट परातीत आल्या.

मग सगळ्यात कंटाळवाणं, पण न टाळायचं काम. बारीक कच हाताने झटकायची नाही, ती कातडीत घुसते. चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, उचलायचा, नवा लावायचा. मी हात दिव्याखाली तिरका धरून चार वेळा तसं केलं. शेवटच्या पट्टीवर काहीच चमकलं नाही, तेव्हा सोडलं. कुठेही ओरखडा नव्हता.

पोरगी तरीही रडत होती. दुखत नव्हतं तिला. ताईची बांगडी गेली होती. नवरी अंगावर हळद घेऊन तशीच तिच्याजवळ येऊन बसली. परातीतल्या दोन कमानी तिने उचलल्या, म्हणाली, "आपण मेणबत्तीवर वाकवून साखळी करायचो, आठवतं? या ठेव. मी मांडवपरतणीला येईन तेव्हा दोघी मिळून करू." मी त्या दोन्ही कमानी चिंधीत गुंडाळून, वर दोरा बांधून पोरीच्या हातात दिल्या.

चुडा भरायला मला रात्रीचे साडेनऊ झाले. सकाळी मांडवात तीच पोरगी उजवा हात पुढे करून माझ्यासमोर बसली. सूज पूर्ण उतरली होती, मेंदी गडद चढली होती. 2.4 च्या हिरव्या एकेक करून भरल्या. शेवटची जाताना तिने डोळे घट्ट मिटले, आणि बांगडी अलगद मनगटावर उतरली.