1 एप्रिलऐवजी 20 एप्रिल: ग्राहकाला पाठवलेला एक मेल

आमचा एक ग्राहक म्हणजे तीन शाखांची पतसंस्था. नवं सॉफ्टवेअर 1 एप्रिलला, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू करायचं ठरलं होतं. 17 मार्चला डेटा टीमने सांगितलं की एका शाखेची सभासदांची नावं नीट आलेली नाहीत आणि 1 तारीख गाठता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलचा मसुदा माझ्यासमोर आला:

«आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. प्रकल्पाचे काम समाधानकारकरीत्या प्रगतिपथावर असून काही अनपेक्षित तांत्रिक बाबींमुळे वेळापत्रकात किरकोळ बदल संभवतो. गुणवत्तेशी तडजोड न करता लवकरात लवकर प्रणाली कार्यान्वित करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.»

हे वाचून संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना 1 एप्रिलला काउंटरवर कुठलं सॉफ्टवेअर उघडायचं हेही कळलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे पतसंस्थेत ‘तांत्रिक बाब’ म्हटलं की पहिली शंका पैशाचीच येते. ठेवींच्या शिलका चुकल्या की काय? त्या चुकल्या नव्हत्या. पण मसुद्यात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मेल लिहायचा तर आधी नेमकं काय बिघडलंय ते समजायला हवं. संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीचं. त्यात नावं मराठी अक्षरांत साठवलेली नसतात. साठवलेले असतात इंग्रजी कळांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक संकेताला कुठलं अक्षर द्यायचं याचा तक्ता लागतो. शिवाय ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा बदलावी लागते, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमकं उलटं.

मुख्य शाखेच्या फॉन्टवरून केलेला तक्ता दोन शाखांना चालला. तिसऱ्या शाखेत त्याच फॉन्टची वेगळी आवृत्ती होती. बहुतेक अक्षरं सारखीच, फक्त काही जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या. त्यामुळे शिंदे, पवार, कदम सगळे बरोबर आले आणि क्षीरसागरचं ‘ज्ञीरसागर’ झालं. वरवर चाळणाऱ्याला हे दिसत नाही. दिसलं ते आडनावांची यादी काढून कुठलं आडनाव किती वेळा येतं ते मोजल्यावर: एकट्यादुकट्या विचित्र आडनावांचा ढीग एकाच शाखेतून येत होता. (ही मोजणी पहिल्या चाचणीतच करावी. पाच मिनिटांचं काम आहे.)

नुसती नावं चुकली असती तर नंतरही दुरुस्त करता आली असती. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कर्जाच्या जामीनदाराचा सभासद क्रमांक नव्हता, फक्त नाव होतं. नाव जुळलं नाही की जामीनदार कर्जखात्याला जोडला जात नाही आणि खातं जामीनदाराविना दिसतं. अशा अवस्थेत सुरू करणं योग्य नव्हतं.

आता तारीख. तिसऱ्या शाखेची 3,900 नावं. तक्ता सुधारल्यावर बरीच बरोबर येतील, पण कुठली बरोबर आली हे डोळ्यांनीच पाहावं लागणार, तेही मूळ सभासद अर्ज शेजारी ठेवून. एक माणूस दिवसाला साधारण 250 नावं तपासतो. दोन माणसं धरली तर आठ कामाचे दिवस. त्यातलं एक माणूस संस्थेचं हवं, कारण गावातली आडनावं त्यांनाच ओळखता येतात. आणि 31 मार्चपर्यंत त्यांचा कुणीही वर्षअखेरीतून मोकळा होणार नाही. म्हणजे सुरुवात 2 एप्रिलला. सुट्ट्या धरून काम 13-14 तारखेपर्यंत जातं, नंतर जामीनदारांची जोडणी आणि एक चाचणी. असं करत 20 एप्रिल आली. मसुदा लिहिणाऱ्याला ‘10 एप्रिलपर्यंत प्रयत्न करू’ असं घालायचं होतं. ते मी काढायला लावलं. दहा तारखेला पुन्हा असाच मेल लिहावा लागला असता, आणि दुसऱ्या मेलवर कोण विश्वास ठेवणार?

शेवटी गेलेला मेल असा होता:

«विषय: नवं सॉफ्टवेअर 1 एप्रिलऐवजी 20 एप्रिलला सुरू होईल

सप्रेम नमस्कार साहेब,

नवं सॉफ्टवेअर आम्ही 1 एप्रिलला सुरू करू शकणार नाही. नवी तारीख 20 एप्रिल आहे. तोपर्यंत तिन्ही शाखांचं काम जुन्या सॉफ्टवेअरवर चालू ठेवावं.

ठेवी, कर्जं आणि पिग्मीच्या शिलका बरोबर आल्या आहेत. 28 फेब्रुवारीच्या तेरजेशी तिन्ही शाखांच्या रकमा जुळल्या आहेत. अडचण फक्त तिसऱ्या शाखेतल्या सभासदांच्या नावांची आहे. तिथला फॉन्ट वेगळा असल्याने काही नावं चुकीची आली आणि त्यामुळे काही कर्जांना जामीनदार जोडले गेले नाहीत. नमुना तपासताना आम्ही फक्त मुख्य शाखेचा डेटा घेतला होता, तिन्ही शाखांचा घ्यायला हवा होता. याबद्दल क्षमस्व.

2 एप्रिलपासून आठ कामाचे दिवस त्या शाखेतला एक कर्मचारी आणि मूळ सभासद अर्ज लागतील. कर्मचारी 2 तारखेला मिळाला नाही, तर 20 तारीख तितकेच दिवस पुढे जाईल. कोण येणार ते 25 मार्चपर्यंत कळवावं.

दोन शाखा आधी सुरू करण्याचा विचार केला होता. पण मग शाखांमधले आपसातले व्यवहार दोन सॉफ्टवेअरमध्ये जुळवावे लागतील, म्हणून तसं सुचवत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल एक महिना वाढवण्याचा खर्च आम्ही देऊ. पुढची माहिती 9 एप्रिलला कळवतो.»

यात क्षमा एकदाच मागितली आहे, तीही नेमक्या चुकीला लागून. ‘प्रामाणिकपणे सांगायचं तर’ काढलं, ‘किरकोळ’ काढलं. वीस दिवस किरकोळ आहेत की नाहीत हे काउंटरवर बसणाऱ्याने ठरवायचं. फॉन्टबद्दल एकच वाक्य ठेवलं. वेलांटी-रफाराचं पुराण डेटा टीमला हवं होतं, पण त्यावरून साहेबांना कुठलाही निर्णय घ्यायचा नव्हता. खर्चाच्या ओळीसाठी मात्र आमच्याच मालकांशी अर्धा तास बोलावं लागलं. त्यांचं म्हणणं, मागितल्यावर देऊ. माझं म्हणणं, मागावं लागलं की त्याचा वाद होतो.

दुपारी साहेबांचा फोन आला. आवाजात नाराजी होती, पण प्रश्न दोनच होते. पिग्मी एजंटांची मशीन कधी बदलायची? आणि लेखापरीक्षकाला वर्षाची कीर्द दोन ठिकाणी बघावी लागेल का? मशीन 19 तारखेच्या संध्याकाळी बदलायची, आणि 1 एप्रिलपासूनच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या, म्हणजे कीर्द एकाच जागी राहील. ही दोन्ही उत्तरं तयार होती. मेलमध्ये जोडून तो पुन्हा पाठवला. संध्याकाळी संचालक मंडळाची सभा होती, तिथे त्यांनी तो जसाच्या तसा वाचून दाखवला.

कर्मचाऱ्याचं नाव 23 मार्चलाच कळवलं. 9 एप्रिलच्या मेलमध्ये तीन ओळी होत्या: 2,150 नावं तपासून झाली, 1,750 उरली, 20 तारीख कायम.